गप्प झालेले मूल रुळलेले असते का?

जून महिना आला की बालवाड्यांच्या आणि प्ले-ग्रुपच्या फाटकाशी एक सल्ला हमखास ऐकू येतो. 'तुम्ही निघा, मागे वळून बघू नका. दोन दिवस रडेल, मग आपोआप गप्प होईल.' हाच सल्ला घराघरांतही दिला जातो. मुलाला आजीकडे, मावशीकडे किंवा आत्याकडे ठेवायचे असेल, तर ते खेळात रमले की आईने मागच्या दाराने निघावे, सांगून गेले की उगीच भोकाड पसरते, असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात. सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. मुलांवर त्यांचे प्रेम असते, अनुभवही मोठा असतो. म्हणूनच हे मत खोडून काढण्याआधी ते नीट मांडले पाहिजे.

त्याची बाजू अशी. एक, निरोप घेण्याने रडे वाढते. आई जितका वेळ रेंगाळते तितके मूल तिला घट्ट धरते, म्हणून न सांगता जाणे हीच मुलावर दया. दोन, बहुतेक मुले आई दिसेनाशी झाल्यावर थोड्या वेळात थांबतात आणि आठ-दहा दिवसांत रडणेही बंद होते. रडे थांबले, म्हणजे मूल रुळले. तीन, आईला वर्गात बसू दिले तर मूल कधीच सुटे होत नाही. चार, पूर्वी घरात दहा माणसे असत, मूल कुणाच्याही कडेवर जाई, आणि हे लाड आताच्या चौकोनी कुटुंबांनी निर्माण केले. वर्गात तीस मुले सांभाळणाऱ्या ताईंची अडचणही यात धरली पाहिजे. एका मुलाच्या रडण्याने शेजारची चार रडू लागतात, हे त्यांना रोज दिसते.

यातले बरेच मला मान्य आहे. रेंगाळणारा निरोप वाईट असतो, हे खरे. आई दिसेनाशी झाल्यावर पुष्कळ मुले लवकर थांबतात, हेही खरे. रडण्याने मुलाचे काही बिघडत नाही, हे तर मी त्यांच्याहून ठासून सांगेन. पण या खऱ्या निरीक्षणांवरून जे दोन निष्कर्ष काढले जातात, ते दोन्ही चुकीचे आहेत. न सांगता जावे, हा पहिला. गप्प झाले म्हणजे रुळले, हा दुसरा. पुरावे पुढे ठेवतो. निवाडा वाचकांनी करावा.

आधी न सांगता जाण्याचे पाहू. फाटकाशी काय घडते ते जवळून बघा. ताई मुलाला कडेवर घेतात, पाठ फाटकाकडे करतात आणि झाडावरची चिमणी दाखवतात. मूल चिमणी शोधू लागते. तेवढ्यात आई निघते. मूल वळते तेव्हा आई असायला हवी त्या जागी कुणी नसते. या अनुभवातून दोन-अडीच वर्षांचे मूल काय शिकते? आई जाते आणि परत येते, हे ते शिकत नाही. आपण क्षणभर दुसरीकडे पाहिले की आई नाहीशी होऊ शकते, हे शिकते. मग दुसऱ्या दिवशी ताईंनी चिमणी दाखवली तरी ते पाहत नाही. घरीसुद्धा आई न्हाणीघरात गेली तरी दार बडवते, रात्री झोपेत आईची ओढणी मुठीत धरून ठेवते, हातातले खेळणे टाकून दर दोन मिनिटांनी आई आहे ना ते पाहून येते. 'शाळेत गेल्यापासून फारच चिकट झालाय' अशी तक्रार मग आपणच करतो. त्याला पहारा द्यायला कुणी शिकवले?

मुलाच्या वयाचा विचार केला तर हे आणखी स्पष्ट होते. आईपासून दूर होण्याची भीती साधारण आठव्या महिन्याच्या सुमारास दिसू लागते, एक ते दीड वर्षाच्या आसपास सर्वांत तीव्र असते आणि तिसऱ्या वर्षाकडे हळूहळू ओसरते. ही भीती शिस्तीच्या अभावाने येत नाही. आई समोर नसली तरी कुठेतरी आहे, एवढे आता मुलाला कळू लागलेले असते. ती कधी आणि कशी परत येईल, हे मात्र अजून कळत नसते. या मधल्या काळात मुलाजवळ घड्याळ नसते, वार नसतात, 'बारा वाजता येते' याला काही अर्थ नसतो. त्याच्याजवळ एकच साधन असते. गेल्या वेळी काय झाले होते, त्याची आठवण. न सांगता जाणारी आई हे एकमेव साधन काढून घेते. आणि आपल्याकडचे बहुतेक प्ले-ग्रुप मुलांना दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान घेतात, म्हणजे नेमक्या याच काळात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत टप्पा तिसऱ्या वर्षापासून धरला आहे. बाजाराने तो त्याआधीच सुरू केला आहे.

मार्शा वाइनरॉब आणि मायकेल लुइस या अमेरिकी संशोधकांनी दोन वर्षांच्या मुलांचा अभ्यास १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. आई खोलीतून बाहेर जाताना काय करते आणि त्यानंतर मूल कसे वागते, एवढाच त्यांचा प्रश्न होता. काही न बोलता निसटणाऱ्या आयांच्या मुलांपेक्षा, 'मी जाऊन येते, तोवर तू हे कर' असे सांगून जाणाऱ्या आयांची मुले कमी अस्वस्थ झाली आणि खेळात अधिक रमली. यातला दुसरा भाग महत्त्वाचा आहे. नुसते जाते म्हणून सांगणे पुरेसे नाही, मागे मुलाने करायचे काहीतरी ठेवून जाणे उपयोगी पडते. 'मी आता जाते. तू ताईंबरोबर त्या टोपलीतले ठोकळे लाव. डबा खाऊन झाला की मी येते.' तीन वाक्ये, एक मिठी, आणि आईने खरोखर निघायचे. खिडकीशी उभे राहायचे नाही, रडे ऐकून दोनदा परत यायचे नाही. दारात परत आलेली आई मुलाला शिकवते की आणखी जोरात रडले तर जाणे रद्द होते. रेंगाळण्याविरुद्धचा ताईंचा आक्षेप इथे पूर्ण रास्त आहे. पण रेंगाळू नये, यावरून लपून जावे हे सिद्ध होत नाही.

मग निरोपाच्या वेळी जे रडे उसळते त्याचे काय? ते उसळेल. उसळू द्यावे. ते ताईंच्या कडेवर उसळलेले रडे असते आणि ताई ते शांत करू शकतात. चिमणी पाहून वळल्यावर फुटणारे रडे वेगळे असते. तिथे ताईच त्या फसवणुकीतल्या भागीदार असतात. ज्या माणसावर मुलाने आता विसंबायचे, त्याच माणसाला पहिल्या दिवशी अविश्वासू ठरवून आपण काय मिळवतो? निसटण्याने मोठ्यांना मुलाचे रडे पाहावे लागत नाही, एवढेच. मुलाचे रडे वाचत नाही.

आता या वादाच्या गाभ्याकडे येऊ. मूल गप्प झाले म्हणजे रुळले, ही समजूत नवी नाही. एकेकाळी ब्रिटनमधल्या रुग्णालयांचे तेच अधिकृत धोरण होते. लहान मुलांना भेटायला आईवडिलांना आठवड्यातून मोजके तास मिळत, काही ठिकाणी तेवढेही नाही. कारण अगदी आपल्या फाटकावरचेच होते. आई भेटून गेली की मूल पुन्हा रडते, वॉर्डची शिस्त बिघडते. आई आली नाही तर चार-सहा दिवसांत मूल शांत होते, औषध घेते, परिचारिकांकडे पाहून हसते. अशी मुले रुळली असे डॉक्टर आणि परिचारिका मनापासून मानत.

जेम्स रॉबर्टसन यांनी हे मानायला नकार दिला. दुसऱ्या महायुद्धात ते अॅना फ्रॉइड यांच्या हॅम्पस्टेड येथील बालगृहात कामाला होते आणि पुढे जॉन बोल्बी यांच्याबरोबर त्यांनी रुग्णालयातल्या मुलांचे निरीक्षण केले. त्यांना तीन अवस्था दिसल्या. आधी निषेध, म्हणजे रडणे, हाका मारणे, दाराकडे धावणे. मग निराशा, म्हणजे मूल सुन्न होते, कमी हलते, कमी मागते. आणि शेवटी अलिप्तता. मूल पुन्हा खाते, हसते, कुणाकडेही जाते, आणि आई आली की तिच्याकडे जणू ओळख नसल्यासारखे पाहते. वॉर्डातले लोक दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थेला रुळणे म्हणत होते.

सांगून कुणी ऐकेना, तेव्हा रॉबर्टसन यांनी चित्रपट केला. दोन वर्षे पाच महिन्यांची लॉरा ही मुलगी बेंबीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात होती. रडके मूल मुद्दाम निवडले, असा आरोप येऊ नये म्हणून मुलाची निवड त्यांनी स्वतः केली नाही, आणि चित्रीकरण ठरावीक वेळी झाले हे दिसावे म्हणून भिंतीवरचे घड्याळ चौकटीत ठेवले. योगायोगाने लॉरा फारसे न रडणारी, स्वतःला आवरणारी मुलगी निघाली. म्हणून तो चित्रपट अधिक बोलका झाला. तिचा चेहरा आवरलेला असतो, आई कुठे आहे असे ती मधूनमधून शांतपणे विचारते, आणि घरी निघताना आईचा हात धरायला नकार देते. नोव्हेंबर १९५२ मध्ये हा चित्रपट लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये दाखवला गेला तेव्हा बरेच डॉक्टर संतापले. आमच्या वॉर्डात मुले आनंदी असतात, असे त्यांचे म्हणणे होते. पण १९५९ मध्ये सरकारने नेमलेल्या प्लॅट समितीने मुलांना भेटण्यावरची बंधने उठवण्याची शिफारस केली. जे मत आज आपल्या फाटकाशी अनुभवाचे बोल म्हणून सांगितले जाते, ते तिथे तपासले गेले आणि टिकले नाही.

कुणी म्हणेल, आठ दिवसांचे रुग्णालय कुठे आणि तीन तासांची बालवाडी कुठे. हा आक्षेप बरोबर आहे आणि तो मी टाळणार नाही. बालवाडीतल्या मुलाला आई रोज परत मिळते, आणि रोज परत मिळणे हेच मोठे औषध आहे. बालवाडीत सोडल्याने मूल लॉराच्या वाटेने जाते, असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. रॉबर्टसन यांच्याकडून मी एकच गोष्ट घेतो. गप्प असणे आणि शांत असणे या दोन वेगळ्या स्थिती आहेत आणि बाहेरून त्या सारख्या दिसू शकतात.

ही गोष्ट पुढे शरीराच्या मोजमापांनीही दाखवली. आई खोलीबाहेर गेली तरी न रडणारी आणि परत आल्यावर तिच्याकडे दुर्लक्ष करणारी एक-दीड वर्षाची मुले मेरी एन्सवर्थ यांनी नोंदली होती. पाहणाऱ्याला ती स्वावलंबी वाटत. अॅलन स्रूफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी १९७७ मध्ये अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले तेव्हा ते वाढलेले निघाले. चेहऱ्यावर काही नव्हते, छातीत होते. बर्लिनमध्ये लीझेलोटे आनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळणाघरात नव्याने येणाऱ्या पंधरा महिन्यांच्या ७० मुलांचा अभ्यास केला. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी मुलांच्या लाळेतले कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आला की शरीरात वाढणारे संप्रेरक, मोजले. आई सोडून गेल्यानंतरच्या पहिल्या तासात ते घरच्या पातळीपेक्षा ७५ ते १०० टक्क्यांनी वाढले. पाच महिन्यांनी ते बरेच उतरले होते, तरी घरच्यापेक्षा थोडे वरच होते. आणि आई सोबत राहून ज्या मुलांना अधिक दिवस पाळणाघराची सवय करून दिली गेली, त्यांचे आईशी असलेले नाते सुरक्षित राहिले किंवा अधिक सुरक्षित झाले.

या आकड्यांवरून पाळणाघर वाईट असा अर्थ काढू नये. ताण वाढणे म्हणजे इजा होणे नव्हे. पण रडे थांबले की प्रकरण मिटले, असे ज्याला म्हणायचे असेल त्याने या वाढलेल्या ठोक्यांचे आणि कॉर्टिसॉलचे काय करायचे ते सांगावे.

मग रुळल्याची खूण कोणती? लाळ तपासायची गरज नाही, नीट पाहणारी ताई ती वर्गात ओळखू शकते. रुळणारे मूल रडते, पण विशिष्ट ताईंकडे जाऊन रडते आणि त्यांनी उचलले की त्याचे खांदे सैल पडतात. ते दप्तर काढून ठेवते. डबा उघडते. शू लागली तर सांगते. घरी ताईंचे नाव काढते. न्यायला आई आली की धावत येते, कधी तिच्यावर चिडते, कधी तिला पाहून नव्याने रडते. शेवटचे पाहून आया घाबरतात, पण ते चांगले लक्षण आहे. दिवसभर धरून ठेवलेले त्याने योग्य माणसापुढे सोडले.

नुसते गप्प झालेले मूल वेगळे असते. जिथे बसवले तिथेच बसते. दप्तर पाठीवरून काढू देत नाही, बूट काढू देत नाही, कारण ते अजून निघण्याच्या तयारीत आहे. फाटकाची कडी वाजली की मान वर करते. डबा जसाच्या तसा परत येतो, तीन तास शू धरून ठेवते आणि घरी पोचताच चड्डी ओली होते. कुणाचेही बोट धरते, कुणाचेही धरून ठेवत नाही. आई आली की नजर देत नाही. संध्याकाळी मात्र दुधाचा पेला चुकीच्या रंगाचा मिळाला म्हणून तासभर आकांत करते. ताईंच्या वहीत हे मूल 'त्रास देत नाही' या सदरात जाते. ज्या मुलाकडे सर्वांत आधी लक्ष जायला हवे, तेच इथे सर्वांत शेवटी लक्षात येते.

नातेवाइकांकडे ठेवण्याचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तिथे रात्र असते. आणि इथे आपल्याला फार मोलाचा पुरावा उपलब्ध आहे. जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन यांनी पुढे काही लहान मुलांचे चित्रीकरण केले. आई दुसऱ्या बाळंतपणासाठी रुग्णालयात गेल्यामुळे काही दिवस घराबाहेर राहावे लागलेली मुलेही त्यांत होती. त्यांतले जॉन आणि जेन दोघेही १७ महिन्यांचे. जॉन नऊ दिवस निवासी बालगृहात राहिला, जेन दहा दिवस रॉबर्टसन यांच्याच घरी. बालगृह वाईट नव्हते. तरुण परिचारिका प्रेमळ होत्या. पण पाळीप्रमाणे माणूस बदले, आणि जॉन ज्या मांडीकडे जाई तिथे आधीच दुसरे धीट मूल पोचलेले असे. हळूहळू त्याने माणसांकडे जाणे सोडले, खाणे कमी झाले, मोठ्या टेडी अस्वलाला बिलगून तो पडून राहू लागला. आई न्यायला आली तेव्हा तो तिच्यापासून अंग सोडवून घेत आक्रोश करत राहिला. जेनलाही आईची ओढ होती, तीही अस्वस्थ झाली. पण ती कोसळली नाही. वय सारखे, दिवस जवळपास सारखे, आई दोघांचीही दूर. फरक एवढाच की जेनकडे दिवसरात्र तेच एक माणूस होते, आणि ते माणूस व ते घर तिला आधीपासून ओळखीचे करून दिले होते.

आपल्याकडे हे कसे लागू पडते ते एका उदाहरणाने पाहू. समजा, सव्वादोन वर्षांची मुलगी आहे. आईचे दुसरे बाळंतपण, सिझेरियन ठरलेले, चार-पाच दिवस आई दवाखान्यात. मुलगी दुसऱ्या गावी आत्याकडे राहणार, आणि आत्या गेल्या दिवाळीत दोन दिवस भेटलेली. प्रचलित रीत अशी की आदल्या दिवशी बाबांनी तिला आत्याकडे सोडावे, ती आतेभावंडांत खेळू लागली की निघावे, आणि घरात कुणी आईचे नाव काढू नये, म्हणजे आठवण येणार नाही.

याउलट करायचे ते असे. तीन आठवडे आधी मुलीने आत्याकडे जाण्याऐवजी आत्याने दोन-चार दिवस मुलीच्या घरी यावे. आई घरात असतानाच आत्याने तिला भरवायला सुरुवात करावी, मग आंघोळ घालावी, आणि निजवण्याचे काम सर्वांत शेवटी हाती घ्यावे, कारण झोपेच्या दारात मूल सर्वांत हळवे असते. मग एक दुपार आईने सांगून बाहेर जावे आणि सांगितल्याप्रमाणे परत यावे. त्यानंतर आईसह एक रात्र आत्याच्या घरी. एवढे झाल्यावर मुलीला आत्याकडे ठेवताना तिची गोधडी न धुता द्यावी, वास तिच्या ओळखीचा असतो. तिची वाटी, तिचा चमचा आणि आईचा एक फोटोही द्यावा. रॉबर्टसन यांनी मुलांच्या घरच्या वस्तू आणि आईचे फोटो असेच जवळ ठेवले होते आणि ते आईविषयी मोकळेपणाने बोलत. आठवण मुलीला आहेच. आईबद्दल बोलायला घरात कुणी आहे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

चार दिवस हा हिशेब तिला कळत नाही. 'झोपून उठलीस की बाबा येतील' हे कळते. बाबांनी रोज एका ठरलेल्या वेळी यावे आणि जाताना सांगून जावे. ते गेल्यावर ती रडते म्हणून त्यांचे येणे बंद करणे म्हणजे लॉराच्या काळातल्या वॉर्डाचाच न्याय लावणे. आईशी व्हिडिओ कॉल करायचा तर दिवसा, आत्याच्या मांडीवर बसून, थोडक्यात करावा, निजायच्या वेळी करू नये. आणि दवाखान्यातून आल्यावर पहिल्या भेटीत बाळ आईच्या कुशीत नसावे, दुसऱ्या कुणाकडे असावे. टाक्यांमुळे आईला मुलीला उचलता येत नाही, म्हणून आईने पलंगावर बसावे आणि कुणीतरी मुलीला तिच्या शेजारी आणून बसवावे.

यातही एक क्षण असा येतो की जिथे घरे चुकतात. आई समोर येते आणि मुलगी तोंड फिरवून आत्याच्या गळ्यात पडते. सगळे हसतात, 'आईला विसरली!' असे म्हणतात आणि आईचा चेहरा उतरतो. मुलगी विसरलेली नाही. ज्या माणसाचे जाणे इतके लागले, त्याचे येणे एका झटक्यात स्वीकारायला तिला वेळ हवा आहे. आईने ओढून घेऊ नये, रुसूही नये, जवळ बसून राहावे. पुढचे काही आठवडे ती रात्री उठेल, सुटलेली शू पुन्हा अंथरुणात होईल, आई नळावर गेली तरी मागे येईल. यात शिक्षा करण्यासारखे काही नाही.

एकत्र कुटुंबाच्या दाखल्याला फार जागा द्यायची गरज नाही, कारण तो दाखला माझ्याच बाजूचा आहे. त्या घरात मूल कुणाकडेही राही, हे खरे. पण ते 'कुणीही' म्हणजे जन्मल्या दिवसापासून रोज दिसणारी चुलती, आजी, थोरली बहीण. तिथे अनोळखी माणसाच्या हाती मूल सोपवून निघून जाणे घडतच नव्हते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला काम करताना अंगणवाडी आदिवासी पाड्यावर, मुलांच्या घराजवळच्या अंगणात नेली. मूल शाळेत आणण्याआधी शाळा मुलाच्या अंगणात न्यावी, हा विचार याच मातीत झाला आहे. लाडांचा आरोप करणाऱ्यांनी आपला इतिहास पुन्हा पाहावा.

राहिला आक्षेप, आईला वर्गात बसू दिल्याने मूल सुटे होत नाही हा. तसे होते, जेव्हा आई बेमुदत बसते आणि मुलाशी स्वतःच खेळत राहते. पण त्याची रीत ठरवता येते. जर्मनीत १९८०च्या दशकात आकाराला आलेल्या आणि आज तिथे सर्रास वापरल्या जाणाऱ्या बर्लिन पद्धतीत पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलासोबत थोडाच वेळ येतात. ते एका कोपऱ्यात बसतात, मूल आले तर जवळ घेतात, पण त्याला खेळवत नाहीत. ते काम ताईंचे. या तीन दिवसांत आई एकदाही बाहेर जात नाही. चौथ्या दिवशी ती निरोप घेऊन दाराबाहेर जाते. मूल रडले आणि ताईंना काही मिनिटांत ते शांत करता आले, तर ही पहिली ताटातूट अर्ध्या तासापर्यंत नेतात. शांत होत नसेल तर आईला लगेच बोलावतात आणि आणखी काही दिवस देतात. चौथा दिवस सोमवार असेल तर तो प्रयोग मंगळवारी करतात, कारण सुट्टीनंतर मूल पुन्हा थोडे मागे जाते. पाहण्याची गोष्ट एकच, ताई त्या मुलाला शांत करू शकतात की नाही. मूल रडते की नाही, हा निकषच त्यात नाही.

इथे उलट्या टोकाच्या पालकांनाही उत्तर मिळते. मूल रडते म्हणून शाळाच सोडायची, आज नको, पुढच्या आठवड्यात पाहू, असे करत राहिले तर भीती वाढत जाते. जाणे चालू ठेवावे, तास कमी करावेत. बहुतेक मुलांचे यात निभते. पण चार आठवड्यांहून अधिक काळ मूल शाळेच्या वेळी पोटदुखी किंवा उलटीची तक्रार करत असेल, एकटे झोपायला घाबरत असेल, आईला काहीतरी होईल अशी धास्ती बोलून दाखवत असेल आणि त्यामुळे शाळेत जाणे अडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना आणि गरज पडल्यास मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. शाळेत जाण्याच्या वयाच्या, पाच-सात वर्षांच्या मुलात हे दिसले तर आणखी लवकर.

आणि तीस मुलांचा वर्ग? ताईंची ही अडचण सर्वांत खरी आहे, आणि तिच्यावर मुलांनी गप्प बसणे हा उपाय नाही. एका आठवड्यात दहाच मुले घ्यावीत, तीही पाच-पाचच्या दोन तुकड्यांत, तासाभरासाठी. प्रत्येक मुलाला पहिले पंधरा दिवस एकच ताई नेमून द्याव्यात. पहिल्या दहा मुलांचे दप्तर खाली आले की दुसरी दहा बोलवावीत. तीन आठवड्यांत वर्ग भरतो, आणि तोपर्यंत शुल्काची पावती सगळ्यांनी फाडलेलीच असते. जूनच्या पहिल्या दिवशी तीसही मुलांना सकाळी नऊला एकाच फाटकाशी बोलावण्याचे कोणतेही कारण मुलांच्या सोयीत सापडत नाही.